लिव्हर माझं, मग सहा महिने कशासाठी?

*ताई, माझे मिस्टर ४७ वर्षांचे, अंबडला कंपनीत सुपरवायझर. वीस वर्षांची दारू. रोज दोन क्वार्टर, सुट्टीला तीन. मधे माळ घातली होती, दोन वर्षं शिवले नाहीत, मग परत सुरू. एकदा पुण्याला व्यसनमुक्तीत महिनाभर ठेवलं. एकदा त्र्यंबक रोडला पोलिसांनी दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं होतं. आता लिव्हर सिऱ्होसिस, पोटात पाणी, कावीळ. शेवटचं प्यायल्याला दहा आठवडे झाले. मुंबईला दाखवलं तर म्हणाले, सहा महिने दारू बंद ठेवा, मग ट्रान्सप्लान्टचं बघू. लिव्हर मी देणार आहे, रक्तगट जुळतो. आम्ही कुणाच्या रांगेत घुसत नाही, कुणाचं हिरावून घेत नाही. मग ही शिक्षा कशासाठी? दीर म्हणतात, वर्ष झालं सोडून असं सांगा, कोण बघायला आलंय. बायकोला वेगळं बसवून विचारतात म्हणे. मी काय सांगू? दोन्ही वेळचे रिपोर्ट सोबत पाठवतेय.*
*— सिडको, नाशिक*

ताई, आधी रिपोर्टांकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच फोटो काढून पाठवलं आहे.

पहिला कागद मिस्टर ॲडमिट झाले तेव्हाचा. बिलिरुबिन ४.२, आयएनआर १.८, क्रिएटिनिन १.१. दुसरा गेल्या आठवड्यातला. बिलिरुबिन २.६, आयएनआर १.६, क्रिएटिनिन १.०. बिलिरुबिन म्हणजे कावीळ किती, आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो, क्रिएटिनिन म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय. या तीन आकड्यांवरून एक गणित मांडतात, त्याला मेल्ड स्कोअर म्हणतात. तो ६ पासून ४० पर्यंत असतो. जितका जास्त, तितका पुढच्या तीन महिन्यांत जिवाला धोका जास्त. मी तुमचे आकडे घालून पाहिलं. तेव्हा १९ येतो, आता १५. (सोडियम धरूनही हा स्कोअर काढतात. तुमच्या दुसऱ्या कागदावर सोडियम नाही, म्हणून मी साधा काढला. तपासणारे डॉक्टर सोडियमही धरतील.)

हा १५ आकडा महत्त्वाचा आहे. ढोबळ हिशेब असा की मेल्ड १५ च्या खाली असताना ऑपरेशन केलं, तर ऑपरेशनचाच धोका आजाराच्या धोक्यापेक्षा मोठा ठरू शकतो. म्हणजे दहा आठवड्यांपूर्वी तुमचे मिस्टर ट्रान्सप्लान्ट लागणाऱ्यांत स्पष्ट होते, आज ते उंबरठ्यावर आहेत. औषधं दोन्ही वेळा जवळपास तीच आहेत. मधे बदललं ते एकच, दारू थांबली.

होतं असं. सिऱ्होसिस म्हणजे लिव्हरवर वण पडून ते कडक होणं, आणि वण सहसा पुसले जात नाहीत. पण दारू चालू असलेल्या माणसाच्या लिव्हरला नुसते वण नसतात. वणांच्या मधे जो जिवंत भाग उरलेला असतो तोही सुजलेला असतो, त्यात चरबी साठलेली असते, दाह चालू असतो. दारू थांबली की ती सूज उतरते आणि उरलेला भाग कामाला लागतो. ही सुधारणा बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत दिसते, पुढे संथपणे होत राहते. काहींच्या पोटातलं पाणी आटतं, पाण्याच्या गोळ्या कमी होत बंद होतात, आणि ट्रान्सप्लान्टच्या यादीतून नाव काढावं लागतं. काहींचं काहीच सुधारत नाही. कोण कुठल्या गटात जाणार हे पहिल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. तीन महिने लिव्हरलाच बोलू द्यावं लागतं.

मी डॉक्टर नाही. एका ट्रान्सप्लान्ट युनिटमध्ये बावीस वर्षं मेडिकल सोशल वर्कर होते, आणि ‘बायकोला वेगळं बसवून’ प्रश्न विचारणारी बाई मीच. त्यामुळे पुढचं सांगते ते टेबलाच्या त्या बाजूनं.

तुमचा रांगेचा मुद्दा बिनतोड वाटतो, आणि अर्धा खराही आहे. मेंदू मृत झालेल्या माणसाचं लिव्हर मिळायचं तर यादी असते, आणि एकाला दिलं की दुसऱ्याला मिळत नाही. तिथे ‘हा परत पिणार नाही ना’ हे विचारायला समाजाचं कारण आहे. तुमच्या बाबतीत ते कारण नाही. पण त्याच्या जागी दुसरं येतं, आणि ते कारण तुम्ही आहात. तुमच्या लिव्हरचा उजवा भाग, म्हणजे जवळजवळ साठ टक्के, काढतील. उरलेलं काही महिन्यांत वाढून भरतं, बहुतेक जणी पुढे नीट जगतात. तरी हे मोठं ऑपरेशन आहे. उजवा भाग देणाऱ्या दर दोनशे ते पाचशे जणांत एकाचा जीव जातो असा अंदाज धरतात. त्याशिवाय पित्त गळणं, हर्निया, महिनोन्‌महिने थकवा हे वेगळं. आणि लिव्हर एकदाच देता येतं. समजा तुमचं लिव्हर बसवलं आणि चौथ्या महिन्यात कळलं की त्यांचं स्वतःचं सुधारत होतं. किंवा बसवलं आणि ते वर्षात परत प्यायला लागले. दोन्ही वेळा तुमच्या पोटावरची शिवण तिथेच राहणार. कुठलीही कमिटी निरोगी बाईला टेबलावर घेण्याआधी या दोन शक्यता खोडून पाहते. म्हणून नात्यातला दाता असला तरी थांबवतात, आणि काही ठिकाणी तर जास्तच काटेकोर असतात.

आता सहा हा आकडा. तो लिव्हरनं ठरवलेला नाही, आपल्या कायद्यातही नाही. अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा कोण देऊ शकतो, मंजुरी कोणाची लागते हे सांगतो. दारूचे महिने मोजत नाही. सहा महिन्यांची अट अमेरिकेतल्या सेंटरांनी रूढ केली, १९९७ साली तिथल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ती किमान अट म्हणून लिहिली गेली आणि मग जगभर पसरली. पाच का नाही, आठ का नाही, याला पक्का आधार नव्हता. तीन महिने लिव्हरला, आणखी तीन माणसाला, असा व्यवहारी हिशेब होता म्हणा.

पुढे लक्षात आलं की पहिल्या कामाला हा आकडा बरा आहे, दुसऱ्या कामाला कच्चा. दारूमुळे ट्रान्सप्लान्ट झालेल्यांपैकी दर वर्षी शंभरातले साधारण पाच-सहा जण दारूला परत शिवतात, आणि जोरात पिणारे त्याच्या निम्मे, असं जुन्या अभ्यासांची बेरीज करून निघालं. आधी सहा महिने कोरडे राहिलेल्यांत हे प्रमाण थोडं कमी होतं, पण थोडंच. सहा महिने काढून ऑपरेशननंतर पिणारे मी पाहिले आहेत, आणि सहा आठवड्यांत ऑपरेशन होऊन दहा वर्षं न पिणारेही.

२०११ साली फ्रान्स आणि बेल्जियममधल्या डॉक्टरांनी उलटं करून पाहिलं. दारूमुळे लिव्हरला तीव्र सूज आलेले, स्टेरॉइडला दाद न देणारे २६ रुग्ण त्यांनी निवडले. त्यांना सहा महिने थांबा म्हणणं म्हणजे मरा म्हणण्यासारखं होतं. न थांबता ट्रान्सप्लान्ट केलं. सहा महिन्यांनी त्यांतले ७७ टक्के जिवंत होते, तसेच रुग्ण ट्रान्सप्लान्टशिवाय २३ टक्के. पुढच्या काही वर्षांत २६ पैकी तिघे परत प्याले. पण हे २६ जण बारीक चाळणीतून काढलेले होते. घरचे भक्कम पाठीशी, दुसरा मोठा मानसिक आजार नाही, लिव्हरनं पहिल्यांदाच दगा दिलेला, आणि सगळ्या टीमचं एकमत. तेव्हापासून बऱ्याच सेंटरांनी महिने मोजणं सैल केलं आणि ती चाळणी घट्ट केली.

हे तुमच्याही कामाचं आहे. आज मिस्टर सुधारतायत, म्हणून थांबणं बरोबर. पण बिलिरुबिन परत चढायला लागलं, लघवी कमी झाली, ते गुंगीत बोलायला लागले, दिवसा झोपून रात्री जागायला लागले, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली, तर ‘अजून साडेतीन महिने बाकी आहेत’ म्हणत घरी बसू नका. त्याच दिवशी ॲडमिट करा आणि ट्रान्सप्लान्ट टीमला कळवा. अशा वेळी कमिटी सहा महिन्यांची अट बाजूला ठेवून बसू शकते. मेल्ड स्कोअर म्हणूनच दर महिन्याला काढून वहीत लिहा.

आता ती चाळणी. आमच्या टेबलावर माणूस येतो तेव्हा आम्ही त्याचं चारित्र्य तपासत नाही, हे आधी सांगते. दारू हा आजार धरूनच बोलणं सुरू होतं. आम्ही शोधत असतो तो आजार परत उलटण्याची शक्यता किती, आणि उलटलाच तर किती लवकर कळेल.

काही सेंटर गुणपत्रक वापरतात. अमेरिकेतल्या बारा सेंटरांच्या रुग्णांवरून केलेलं एक आहे, त्याला सॉल्ट स्कोअर म्हणतात. चारच प्रश्न. दिवसाला दहाहून जास्त ड्रिंक घेत असे का, असल्यास ४ गुण. व्यसनमुक्तीचे उपचार एकाहून जास्त वेळा घेऊन फसले का, त्याचे ४. दारूवरून पोलीस-कोर्ट झालं का, त्याचे २. दुसरी अमली नशा होती का, त्याचा १. एकूण ११, आणि पाचापासून धोका जास्त धरतात. हे पत्रक तीव्र सूज आलेल्या, न थांबता ट्रान्सप्लान्ट झालेल्या रुग्णांसाठी केलेलं आहे, तुमच्या मिस्टरांना ते जसंच्या तसं लागू नाही. तरी एकदा मांडून बघू या, कारण त्यात एक मजा आहे.

पोलिसांचे २ गुण नक्की. अमली नशा नाही. व्यसनमुक्ती एकदाच, म्हणजे त्याचे शून्य. उरली दारू. अमेरिकन ‘एक ड्रिंक’ म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपली क्वार्टर १८० मिली, व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, त्यात साधारण ६० ग्रॅम. दोन क्वार्टरचे १२० ग्रॅम, म्हणजे साडेआठ ड्रिंक. दहाच्या आत, शून्य गुण, एकूण दोन, धोका कमी. पण तीन क्वार्टरचे १८० ग्रॅम, म्हणजे तेरा ड्रिंक झाली. तिथे ४ गुण मिळतात आणि एकूण सहावर जातं. तोच माणूस, तेच लिव्हर, फक्त प्रश्न आठवड्यातल्या कोणत्या दिवसाबद्दल विचारला यावर धोका कमीचा जास्त झाला. म्हणून नुसत्या गुणांवर कोणी निकाल देत नाही. शिवाय या पत्रकाचं ‘धोका कमी’ हे म्हणणं भरवशाचं आहे, अशा शंभरातले पंचाण्णव पुढे सतत प्यायला लागत नाहीत. ‘धोका जास्त’ हे मात्र कच्चं आहे. पाच किंवा जास्त गुण असलेल्यांतही चारांतला एकच तसा निघतो. बाकी तिघांना गुणांवरून परत पाठवलं असतं तर अन्यायच झाला असता.

माझ्या लेखी या पत्रकापेक्षा तुमच्या पत्रातली एक ओळ जड आहे. माळ. तुम्ही ती सहज लिहून गेलात, आणि अमेरिकन पत्रकात तिला रकाना नाही. पण वीस वर्षं पिणारा माणूस कुठल्याही गोळीशिवाय दोन वर्षं कोरडा राहिला, ही त्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी बातमी आहे. मी असते तर अर्धा तास तिच्यावरच घालवला असता. माळ कोणी घालायला सांगितली? त्या दोन वर्षांत संध्याकाळी सहा ते नऊ ते काय करत? वारीला गेले का, कोणाबरोबर? आणि तुटली तो दिवस कोणता? त्या दिवशी काय झालं होतं, पहिला पेग कोणी भरला, तो एकच होता की त्याच रात्री क्वार्टर संपली? तुटल्यावर किती दिवसांनी तुम्हाला कळलं?

या उत्तरांतून दिसतं की माणसाला आपली घसरण्याची जागा माहीत आहे का. ‘आता जिवावर आलंय, परत हात लावणार नाही’ असं म्हणणारे सगळेच असतात, त्यावर आम्ही काही लिहून घेत नाही. पण एखादा सांगतो, ‘पगाराच्या दिवशी त्रिमूर्ती चौकातून घरी आलो की संपलं, म्हणून आता मुलगा घ्यायला येतो’, तेव्हा पेन चालायला लागतं. उलट ‘माझं लिव्हर दारूनं नाही, त्या काविळीनं गेलं’ असं म्हणणारा माणूस आम्हाला काळजीत टाकतो. ज्याला कारणच मान्य नाही तो कशापासून लांब राहणार? बाकी आम्ही बघतो ते घरात आणखी कोण पितं, झोप आणि उदासी कशी आहे, नोकरी परत मिळेल का, दवाखान्याच्या तारखा पाळल्या जातात का. तंबाखूचं विचारतो, आणि लोकांना ते भोचकपणाचं वाटतं. पण ट्रान्सप्लान्टनंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, आणि दारूवाल्या रुग्णांत पुढे तोंडाचे, घशाचे, फुप्फुसाचे कॅन्सर जास्त दिसतात, विशेषतः तंबाखू चालू असेल तर. मिस्टर मावा खात असतील तर तो आजच बंद करायचा विषय आहे.

तुमच्या दिरांच्या सल्ल्याबद्दल. कोण बघायला आलंय? रक्त येतं. पीईटीएच नावाची तपासणी आहे. दारू अंगात असेल तरच तांबड्या पेशींच्या आवरणात एक पदार्थ तयार होतो आणि तो दोन ते चार आठवडे राहतो. लघवीची ईटीजी नावाची तपासणी तीन ते पाच दिवसांपूर्वीचं सांगते. केसांची तीन महिन्यांपर्यंत मागे जाते. हे कधी करणार ते आधी कळवत नाहीत. कधी रुटीन रक्ताबरोबरच नळी जाते. या तपासण्याही चुकतात, मान्य. ईटीजी हाताला चोळायच्या सॅनिटायझरनं, माउथवॉशनंही पॉझिटिव्ह येऊ शकते. नुकतंच रक्त चढवलं असेल तर दात्यानं घेतलेल्या दारूमुळे पीईटीएच फसवी येऊ शकते. त्यामुळे एका कागदावर कोणाला दारुडा ठरवत नाहीत. परत तपासतात, विचारतात.

पण मला दिसलेली खरी गोष्ट वेगळीच आहे. निफाडकडचे एक बागायतदार होते, धाकटा भाऊ लिव्हर देणार होता. घरच्या सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, आठ महिने झाले. तारीख ठरली. दहा दिवस आधी रक्त पॉझिटिव्ह आलं. मी वहिनींना वेगळं बसवलं तर त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडवत, गुंडाळत बसल्या, आणि शेवटी म्हणाल्या, छाटणीच्या वेळी मजुरांबरोबर दोनदा झालं, पण मोठ्या दिरांनी सांगू नको म्हटलं. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. ते दोनदा प्याले म्हणून नव्हे. दोनदा घसरून जो येऊन सांगतो, त्याला आम्ही व्यसनमुक्तीच्या डॉक्टरकडे पाठवतो, तारीख थोडी सरकवतो, पुढे चालतो. इथे अडलं ते असं की अख्खं घर लपवायला शिकलेलं होतं. ऑपरेशननंतर हा माणूस घसरला तर आम्हाला कोण सांगणार होतं? आणि लाज अशी की पहिल्याच भेटीत मी वहिनींना दिरांच्या समोर प्रश्न विचारला होता. त्या तेव्हाच बोलल्या असत्या, मी एकटीला बसवलं असतं तर. तीन महिने त्या कुटुंबाचे माझ्या चुकीनं गेले. तेव्हापासून मी दार लावून घ्यायला लागले.

म्हणून तुम्हाला वेगळं बसवतील तेव्हा जे आहे ते सांगा. दहा आठवडे म्हणजे दहा आठवडे. रविवारची तिसरी क्वार्टरही सांगा. तारखा आठवत नसतील तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा असतील तर ते कॅलेंडरच घेऊन जा. गॅस लावला, दूध आलं याच्या खुणांत बायका अशाही खुणा करतात, मला माहीत आहे. त्याहून चांगला पुरावा आम्हाला कधी मिळत नाही.

आणि तिथे दार लावल्यावर तुमच्याबद्दलही एक प्रश्न येईल, तुम्हाला खरंच द्यायचं आहे का. दाता म्हणून तुमच्याशी बोलणारा माणूस मिस्टरांच्या टीमपेक्षा वेगळा असायला हवा, तसा नसेल तर मागा. तुम्ही नाही म्हणालात, आज किंवा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, तर चांगल्या युनिटमध्ये घरच्यांना एवढंच सांगतात की दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही. कारण सांगत नाहीत. आपल्याकडे लिव्हर देणाऱ्यांत बायका जास्त का असतात यावर मला बरंच बोलायचं आहे, ते पुन्हा कधीतरी. तुमच्या पत्रात ‘मी देणार आहे’ आहे, ‘मला द्यायचं आहे’ नाही. कदाचित मी उगाच शब्द पकडतेय. पण तिथे बसण्याआधी स्वतःशी एकदा विचारून ठेवा.

उरलेले साडेतीन महिने नुसते कॅलेंडर फाडण्यात घालवू नका. मुंबईच्या डॉक्टरांकडून मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी मागून घ्या आणि नाशिकमध्येच दर पंधरा दिवसांनी जा. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकी जवळ कुठे होतात ते त्यांनाच विचारा. मिस्टर स्वतः जायला लागले तर कमिटीपुढे त्याचं वजन पडतं, तुम्ही ओढून नेलंत तर फारसं पडत नाही. तलफ कमी करायच्या गोळ्यांपैकी सिऱ्होसिसमध्ये बॅक्लोफेनवर काम झालेलं आहे, पण तीही गुंगी आणू शकते, म्हणून लिव्हरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि ‘न सांगता दारू सोडवा’ म्हणून भिंतींवर जी जाहिरात असते ती पावडर कुणी आणून दिली असेल तर गटारात ओता. अशा पुड्यांत काय असतं ते वेष्टनावर लिहिलेलं नसतं. त्यात डायसल्फिरॅम हे दारू सोडवायचं औषध असेल तर ते लिव्हरलाच इजा करू शकतं, आणि मिस्टरांच्या लिव्हरला तेवढी इजा पुरेल.

आपल्या नाशिकची म्हणून दोन कलमं आहेत. ‘वाईन म्हणजे द्राक्षाचा रस, ती कुठे दारू’ असं म्हणणारा एक तरी पाहुणा प्रत्येक घरात असतो. वाईनचा १५० मिलीचा ग्लास साधारण १५ ग्रॅम अल्कोहोलचा. चार ग्लास म्हणजे एक क्वार्टर, आणि पीईटीएचला द्राक्ष आणि मळी यांतला फरक कळत नाही.

दुसरं कलम जास्त फसवं आहे, कारण ते प्रेमानं येतं. लिव्हरसाठी चांगलं म्हणून कोणीतरी कुमारीआसव आणून देतं, भूक लागावी म्हणून द्राक्षासव. आसव आणि अरिष्ट आंबवूनच करतात, बहुतेकांत पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. खोकल्याच्या काही औषधांतही असतं. मिस्टर पूर्ण कोरडे असतानाही यामुळे तपासणी बिघडू शकते, आणि लिव्हरला तर ते नकोच आहे. पुढच्या वेळी मुंबईला जाताना घरातल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या, सासूबाईंच्या कपाटातल्यासकट, एका पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर मांडा.